एक्स्टर्नल पाण्यापाशीच थांबतात

स्थापत्य अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या हाती तुमचं जर्नल असतं आणि वेळ जेमतेम पाच-दहा मिनिटं. त्यात पुस्तकभर विचारणं शक्यच नसतं. म्हणून मुरलेले एक्स्टर्नल एका धड्यातली दोन-तीन कळीची वाक्यं धरतात आणि ‘का?’ म्हणून खोदत जातात. धड्याचा सारांश काढून ठेवलेल्या विद्यार्थ्याला हे प्रश्न आधीच दिसू शकतात. सारांशात जिथे एखादी मर्यादा किंवा आकडा आहे, जिथे ‘म्हणून’ आलं आहे, तिथे प्रश्न ठेवलेलाच असतो.

काँक्रीटचाच धडा घेऊ. पंचवीस-तीस पानं आटवून उरतं ते इतकंच: सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिळून काँक्रीट होतं. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेतून ते घट्ट होतं. या क्रियेला हायड्रेशन म्हणतात. नीट दाबून भरलेल्या काँक्रीटचं बळ मुख्यतः पाणी-सिमेंट गुणोत्तरावर ठरतं. पाणी वाढलं की बळ घटतं. ताजा माल किती सैल आहे ते स्लम्पवरून कळतं. बळ १५० मिलिमीटरच्या क्यूबवर २८ दिवसांनी तपासतात. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस क्युरिंग हवं.

पहिला प्रश्न बहुधा पाण्याचाच येतो. “पाणी वाढवलं तर बळ का घटतं?” यावर “कारण गुणोत्तर वाढतं” असं सांगणारे पुष्कळ असतात, पण ते उत्तर झालं नाही, प्रश्नच पुन्हा वाचून दाखवला. नेमकं उत्तर असं: “सिमेंटला हायड्रेशनसाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी लागतं. आणखी सुमारे १५ टक्के त्यातून तयार होणाऱ्या जेलच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतं. मिळून साधारण ३८ टक्के. त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याची जागा पोकळ राहते. पोकळ्या वाढल्या की बळ कमी आणि झिरपणं जास्त.” चार-पाच वाक्यांत संपतं. हा संबंध डफ एब्रम्स यांनी शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगांतून १९१८ साली मांडला, हेही सांगता आलं तर बरं. पण कारण न सांगता नुसतं नाव सांगितलं तर परीक्षकाला पाठांतराचा वास येतो.

इथे चाणाक्ष परीक्षक उलटा प्रश्न टाकतो. “मग ०.३८ पुरेसं असेल तर साइटवर ०.५ का वापरता?” उत्तर सरळ आहे. इतक्या कमी पाण्यात माल कोरडा राहतो, सळयांच्या जाळीत नीट उतरत नाही आणि आत पोकळ्या राहतात. कमी पाण्याने मिळालेलं बळ त्या पोकळ्यांत वाया जातं. सारांशात ‘नीट दाबून भरलेल्या’ हे शब्द आहेत ते याचसाठी. एब्रम्सचा नियमही तेवढ्याच मर्यादेत खरा आहे. पाणी कमी ठेवून माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर घालतात.

आता साइटवरचं उदाहरण, कारण अनुभवी परीक्षक कागदावरून उठून तिथेच जातो. ५० किलोची एक पिशवी आणि ०.५ गुणोत्तर म्हणजे २५ लिटर पाणी. “माल जरा पातळ कर” असं मिस्त्री म्हणाला आणि कुणी पाच लिटरचा डबा जास्त ओतला, की गुणोत्तर ०.६. एब्रम्सच्या सूत्राने हिशेब केला तर बळ साधारण पाव हिश्शाने उतरतं. स्लॅब भरताना हे काहीच दिसत नाही. उलट माल छान पसरतो आणि सगळे खूश असतात. पावसाळ्यात तर डबासुद्धा लागत नाही. ओल्या वाळूत तीन-चार टक्के पाणी आधीच असतं. एका पिशवीमागे ७५ किलो वाळू धरली तर ते दोन-तीन लिटर होतं, आणि तेवढं मोजलेल्या पाण्यातून वजा करावं लागतं. ‘वाळू ओली असेल तर काय करशील?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं असं की ओली वाळू फुगते, म्हणून घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात कमी पडते. फुगवट्याची भर घालून मोजावी किंवा सरळ वजनाने घ्यावी.

हुशार मुलासाठी राखून ठेवलेला एक प्रश्न मला विशेष आवडतो. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये एम-२० च्या ठराविक प्रमाणातल्या मिश्रणासाठी एका पिशवीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलं आहे, म्हणजे गुणोत्तर ०.६०. त्याच मानकाच्या टिकाऊपणाच्या तक्त्यात मात्र सौम्य हवामानातल्या सळईयुक्त काँक्रीटला ०.५५ ही कमाल मर्यादा आहे. “मग कोणतं घेशील?” इथे गोंधळायचं नाही. दोन मर्यादा असतील तर दोन्ही पाळल्या जातील अशी कमी असलेली घ्यायची, म्हणजे पिशवीमागे साडेसत्तावीस लिटर. आणि काम रत्नागिरीला समुद्राजवळ असेल तर? किनारपट्टीच्या हवेतल्या काँक्रीटला हेच मानक ‘तीव्र’ वर्गात घालतं. तिथे कमाल गुणोत्तर ०.४५ आणि किमान दर्जा एम-३०, म्हणजे एम-२० चा प्रश्नच निकालात निघतो. कारण विचारलं तर पुन्हा पोकळ्यांपाशीच यायचं: त्यांच्या वाटेने खारं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फुटतं.

स्लम्पचं थोडक्यात आवरतं. ३०० मिलिमीटर उंचीचा, खाली २०० आणि वर १०० मिलिमीटर व्यासाचा शंकू थरांनी भरायचा, प्रत्येक थराला सळईने २५ ठोसे द्यायचे, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. फसवणारा प्रश्न एवढाच: “स्लम्प जास्त म्हणजे काँक्रीट चांगलं?” नाही. स्लम्प सैलपणा सांगतो, बळ सांगत नाही. तोच स्लम्प जास्त पाण्यानेही येतो आणि प्लास्टिसायझरनेही. माल एका बाजूला घसरून पडला तर तो शिअर स्लम्प. चाचणी पुन्हा करायची, आणि पुन्हा तसंच झालं तर मिश्रणात चिकटपणा कमी आहे असं समजायचं.

क्यूबपाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण चांगले विद्यार्थीही इथेच घसरतात. “एम-२० मधले २० म्हणजे काय?” यावर “२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर बळ” हे अर्धवट आहे. पूर्ण उत्तर असं: ज्या बळाच्या खाली पाच टक्क्यांहून जास्त निकाल जाणार नाहीत अशी अपेक्षा आहे, ते बळ. म्हणूनच मिश्रण ठरवताना २० वर नेम धरत नाहीत. वीसवर धरला तर निम्मे निकाल खालीच जातील. एम-२० ला प्रमाण विचलन ४ धरून त्याच्या १.६५ पट भर घालतात आणि २६.६ वर नेम धरतात.

मग परीक्षक क्यूब हातात देतो. “मशीनमध्ये कसा ठेवशील?” भरताना जो पृष्ठभाग वर होता, ज्यावर थापी फिरवली, तो वर येता कामा नये, क्यूब आडवा करायचा, म्हणजे साच्याला लागून असलेल्या सपाट बाजूंवर दाब येतो. थापीचा पृष्ठभाग पूर्ण सपाट नसतो. त्यावर दाब दिला तर तो ठराविक ठिकाणी एकवटतो आणि क्यूब वेळेआधी फुटतो.

आता हिशेब. एकाच नमुन्याचे तीन क्यूब ६००, ५८५ आणि ४३० किलोन्यूटनला फुटले. क्यूबचं क्षेत्रफळ १५० गुणिले १५०, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की बळं येतात २६.७, २६.० आणि १९.१. सरासरी २३.९. “मग एम-२० पास?” जवळजवळ प्रत्येक जण “हो सर” म्हणून मोकळा होतो. पण मानक सांगतं की कोणताही क्यूब सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त दूर असता कामा नये. २३.९ चे पंधरा टक्के ३.६, म्हणजे खालची हद्द २०.३. १९.१ त्याच्या बाहेर आहे. म्हणून हा निकाल पास नाही आणि नापासही नाही. तो नमुनाच बाद. पुढचा प्रश्न अर्थातच असा येतो की एकच क्यूब इतका कमी का आला. तो नीट ठासून भरला नसेल, साच्यातून काढताना कोपरा उडाला असेल किंवा मशीनमध्ये तिरका बसला असेल. तिसरा टाकून उरलेल्या दोघांची सरासरी काढावी असं सुचवणारे असतात. मानकात तशी मुभा नाही.

क्युरिंगवर “काँक्रीट वाळू नये म्हणून पाणी मारतात” एवढं बोलून थांबू नये. वाळणं आणि घट्ट होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. आतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की हायड्रेशन जवळजवळ थांबतं, आणि उरलेलं सिमेंट तसंच पडून राहतं. किमान ७ दिवस साध्या सिमेंटला. उष्ण आणि कोरड्या हवेत १०, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात दहाच सांगायचे. आणि हे दिवस सतत ओलाव्याचे हवेत. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवायचा आणि दुपारी स्लॅब तापू द्यायचा, हे त्यात धरत नाहीत. म्हणून गोणपाट अंथरतात किंवा स्लॅबवर वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवतात.

वेळ उरली तर शेवटचा प्रश्न हमखास असतो. “२८ दिवसांनी क्यूब नापास झाले. तोवर वर आणखी एक मजला चढला आहे. काय करशील?” “पाडू” असं घाईने म्हणू नये. क्यूब म्हणजे प्रत्यक्ष स्लॅब नव्हे. आधी रिबाउंड हॅमरने आणि अल्ट्रासॉनिक चाचणीने कमकुवत वाटणारी जागा शोधायची, मग तिथून किमान तीन कोअर काढायचे. त्यांचं सरासरी सममूल्य क्यूब बळ त्या वयाला अपेक्षित बळाच्या ८५ टक्के असेल आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल, तर काँक्रीट स्वीकारता येतं. कोअरही नापास झाले तर भारचाचणी, आणि ती होईपर्यंत त्या स्लॅबखालचे टेकू काढायचे नाहीत.