बीपी चांगलं आहे, मग फोन कशाला?

मीरा रोडच्या एका छोट्या हॉस्पिटलमधली ही रात्र कल्पित आहे, पण नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ती ओळखीची वाटेल. फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेला ५४ वर्षांचा पेशंट. रात्री दोनला तो म्हणाला, "सिस्टर, बरं वाटत नाही." बीपी ११२/७०, ऑक्सिजन ९६. सिनियर सिस्टर म्हणाल्या, "बीपी चांगलंय, झोपू दे त्याला."

पहिला गैरसमज इथेच आहे. जंतुसंसर्ग अंगात पसरू लागला, की हृदय जोरात धावतं, श्वास वाढतो आणि शरीर बीपी सावरून धरतं. बीपी कोसळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. श्वास मात्र लवकर बोलतो, आणि चार्टवर अंदाजाने '१८' लिहिला जातो तोही श्वासच. ज्युनियर सिस्टरने घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले: २६. नाडी ११२, ताप ३८.२ अंश सेल्सिअस. ब्रिटनमध्ये २०१७ साली सुधारलेल्या न्यूज-२ तक्त्यात श्वासाचे ३, नाडीचे २, तापाचा १, म्हणजे ६ गुण होतात. पाचपासून पुढे डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं असतं. (हा तक्ता सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लावत नाहीत.)

दुसरा गैरसमज असा, की निदान सांगता आलं तरच फोन करावा. तिला निदान ठाऊक नव्हतं. ती आरएमओंना म्हणाली, "सर, बेड सातचा पेशंट बिघडतोय. अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशनचा दुसरा दिवस. बाराला श्वास १८ होता, आता २६. नाडी ११२, ताप आहे. मला सेप्सिसची शंका वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघावं." काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवंय: एसबीएआर पद्धतीचे हे चार टप्पे. शेवटचा बहुतेकदा गळतो आणि फोन नुसती बातमी होऊन बसतो.

आरएमओ म्हणाले, "पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू."

डॉक्टरांना कळवलं की आपली जबाबदारी संपली, हा तिसरा गैरसमज. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, कारण जात नाही. तिने पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं: श्वास २८, नाडी ११८. आकडे सिनियर सिस्टरांना दाखवले. "ताई, मी ऑन-कॉल सर्जनना लावते, तुम्ही जवळ थांबाल का?" सिस्टरांनीच नंबर काढून दिला. अशा हॉस्पिटलांत सर्जन, भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. बोरिवलीहून निघायचं तर तो वेळही हिशेबात धरावा लागतो.

सर्जननी फोनवरच ब्लड कल्चर, लॅक्टेट, सलाईन आणि अँटिबायोटिक बदलायला सांगितलं, आणि ते निघाले. तिने नोट्समध्ये लिहिलं: २.१० आरएमओंना कळवले, पॅरासिटामॉलची सूचना. २.२५ श्वास २८, नाडी ११८. २.३० सर्जनना फोन.