परिचय करून देताना निकाल देऊ नका

24 सप्टेंबर 2007. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाचे सभागृह खचाखच भरले होते आणि बाहेर निदर्शने चालू होती. पाहुणे होते इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद. परिचय करून द्यायला उभे राहिले विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर, स्वतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्याचे अभ्यासक. अशा माणसाला बोलावलेच का, या प्रश्नावरून ते आधीच टीकेचे धनी झाले होते. आपण कठोर आव्हानांनी सुरुवात करणार आहोत, हे त्यांनी काही दिवस आधी जाहीरही केले होते.

त्यांनी त्या वर्षी इराणमध्ये झालेल्या फाशींचा आकडा सांगितला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या हवाल्याने तो 210 होता. तुरुंगात टाकलेल्या अभ्यासकांची नावे घेतली. ज्यूंच्या हत्याकांडाला 2005 साली दंतकथा म्हटल्याची आठवण करून दिली. एवढ्यावर थांबते तर ते भाषण कठोर ठरले असते, पण अन्यायाचे नाही. मात्र त्यांनी पाहुण्यांना क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणे दिसणारा माणूस म्हटले, आणि हत्याकांड नाकारणारा एक तर उद्धट चिथावणीखोर किंवा थक्क करणारा अशिक्षित असला पाहिजे, असेही सुनावले. अहमदीनेजाद उठले आणि म्हणाले की आमच्याकडे पाहुण्याला बोलावले की श्रोत्यांना स्वतः मत बनवू देतात; त्याच्या आधी लस टोचत नाहीत. या उत्तरालाही त्याच सभागृहात टाळ्या पडल्या.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो, कारण बोलिंजर यांची माहिती चुकीची नव्हती. चुकले होते ते स्थान आणि विशेषणे. परिचय हा सभेतला असा एकमेव भाग आहे ज्यात एकाच बाजूला बोलता येते आणि समोरचा उत्तर द्यायला अजून उभाही नसतो. तिथे केलेला निवाडा खरा असला तरी एकतर्फी दिसतो, आणि श्रोत्यांची सहानुभूती अपमान झालेल्याकडे सरकते.

आपल्याकडच्या व्याख्यानमालांत नेमकी उलटी चूक होते. ज्या माणसाच्या चौकशीच्या बातम्या गावाने महिनोन् महिने वाचल्या, त्याचा परिचय ‘परखड’, ‘वादळी व्यक्तिमत्त्व’, ‘संघर्षातून वर आलेले’ अशा शब्दांत होतो. पहिल्या रांगेतल्या दोघांची एकमेकांकडे नजर जाते आणि पुढचा तासभर श्रोते भाषणाऐवजी न सांगितलेल्या गोष्टीचाच विचार करत बसतात. ‘वादग्रस्त’ हा शब्दही असाच पोकळ आहे. वाद कशाचा, कुणी घातला, कुठवर आला, यातले काहीच तो सांगत नाही. डाग मात्र लावतो.

मग सांगायचे किती? माझी कसोटी अशी : ती गोष्ट आजच्या विषयाशी जोडलेली आहे का, किंवा बहुतेक श्रोते ती मनात घेऊनच आले आहेत का? दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर ती सोडावी. घटस्फोट, आजारपण, मुलांची भांडणे यांना परिचयात जागा नाही. एकाचेही उत्तर होय असेल, तर दोन-तीन वाक्यांत सांगावी.

या दोन-तीन वाक्यांत सगळी काळजी क्रियापदांची घ्यावी लागते. मराठीत एक सापळा आहे. पोलिसांनी तक्रार नोंदवून तपास सुरू केला, की आपण म्हणतो ‘गुन्हा दाखल झाला’, आणि ऐकणारा ऐकतो ‘गुन्हा केला’. म्हणून ‘अमुक साली तक्रार नोंदवली गेली’ असे म्हणावे. त्यानंतर दोषारोपपत्र दाखल झाले का, न्यायालयाने आरोप निश्चित केले का, निकाल काय लागला, अपील चालू आहे का, यातली शेवटची पायरी सांगितली नाही तर वाक्य खरे असूनही फसवे होते. ‘क्लीन चिट मिळाली’ हाही वर्तमानपत्री शब्द टाळावा. पोलिसांनी तपास बंद करणे आणि न्यायालयाने निर्दोष मुक्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोन्ही एकाच शब्दात कोंबल्या, की वक्त्यावर किंवा तक्रारदारावर अन्याय होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नगरपालिकेचे निवृत्त मुख्याधिकारी शहराच्या पाणीप्रश्नावर बोलायला आले आहेत. त्यांच्या काळात पाणी योजनेच्या कामावरून चौकशी झाली होती. पहिला मसुदा असा येतो : ‘पाणी घोटाळ्यात अडकलेले, पण अनुभवी अधिकारी.’ यात घोटाळा सिद्ध झाल्याचे गृहीत धरले आहे आणि ‘पण’ने त्यावर पांघरूण घातले आहे. विभागीय चौकशीचा आदेश मिळवून वाचल्यावर दुरुस्त मसुदा असा होतो :

‘2014 साली पाणी योजनेच्या कामावरून आपल्या पाहुण्यांना निलंबित करण्यात आले होते. विभागीय चौकशीत तीनपैकी दोन आरोप सिद्ध झाले नाहीत. मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी न तपासल्याचा तिसरा सिद्ध झाला आणि त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. ही चूक ते मान्य करतात. पैशाचा गैरव्यवहार झाल्याचे नाकारतात. व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे, आणि या विषयावरचे प्रश्नही ते घेणार आहेत.’

हा मजकूर परिचयाच्या मध्ये ठेवावा. सुरुवातीला ठेवला तर पुढचे सगळे त्याच्या सावलीत जाते, शेवटी ठेवला तर तीच कानात राहिलेली शेवटची ओळ होते. आधी त्यांचे काम, मग हे, आणि शेवटी आज त्यांनाच का बोलावले ते. सूरही बदलू नये. आवाज खाली आणून, थांबून वाचलेले वाक्य आरोपासारखे ऐकू येते.

हा मजकूर आदल्या दिवशी वक्त्याला फोनवर वाचून दाखवावा. तारीख, आरोपांची संख्या, शिक्षेचे नाव यांतली चूक त्याने सुधारावी. पण सिद्ध झालेली गोष्ट गाळायची मुभा नाही, हे त्याच फोनवर सांगावे. तो नाही म्हणाला, तर कार्यक्रम घ्यायचा की नाही हे आयोजकांनी त्याच दिवशी ठरवावे. व्यासपीठावर पाहुण्याला चकवणे आणि श्रोत्यांपासून लपवणे हे दोन्ही दुबळेपण आहे. कायद्याचेही भान ठेवावे. बदनामीच्या कलमात, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या 356व्या कलमात, विधान नुसते खरे असून भागत नाही. ते लोकहितासाठी केलेले असावे लागते. कागद न पाहता ऐकीव गोष्ट परिचयात घालणाऱ्याजवळ यातले काहीच नसते.

अडचणीचे प्रश्न मग कुठे विचारायचे? प्रश्नोत्तरांत. कोलंबियात भाषणानंतर सूत्रसंचालक जॉन कोट्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे लेखी प्रश्न वाचून दाखवले. इराणमधल्या स्त्रियांच्या हक्कांबद्दल आणि समलिंगी लोकांना होणाऱ्या शिक्षांबद्दल एक साधा प्रश्न होता. अहमदीनेजाद अमली पदार्थांच्या तस्करांकडे वळले, तेव्हा त्यांना पुन्हा मूळ प्रश्नाकडे आणण्यात आले. मग ते म्हणाले की तुमच्या देशात आहेत तसे समलिंगी लोक आमच्या इराणमध्ये नाहीत. सभागृहात हशा आणि निषेधाचे आवाज एकदमच उठले. त्या दुपारचे तेच वाक्य जगभरच्या बातम्यांत गेले, आणि ते पाहुण्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारले होते.