‘मस्ट’, ‘माइट’ आणि ‘कान्ट’ : पुराव्यावरून बोलणे

‘मस्ट’ म्हणजे ‘केलेच पाहिजे’ आणि ‘कान्ट’ म्हणजे ‘करू शकत नाही’, एवढे अर्थ आपले विद्यार्थी लहानपणीच पाठ करतात. परंतु हीच सहायक क्रियापदे अनुमान व्यक्त करण्यासाठीही येतात, हे संभाषणाच्या तासाला त्यांना प्रथम कळते. ‘ही मस्ट बी टायर्ड’ या वाक्यात कोणावर सक्ती नाही. तो दमलेला असणारच, असा वक्त्याचा निष्कर्ष आहे. मराठीलाही ही गोष्ट परकी नाही. ‘त्याने यावे’ यात अपेक्षा आहे आणि ‘तो आला असावा’ यात अंदाज आहे; रूप मात्र एकाच घराण्यातले.

आम्ही हा भाग एका बेवारस पिशवीच्या आधारे शिकवला. शाळेच्या व्हरांड्यात ती सापडली होती. आत सहावीचे गणिताचे पुस्तक, चाळिशीचा चष्मा आणि एस.टी.चे एक तिकीट होते. तिकिटावरची अक्षरे पुसट झाली होती. भाडे तेवढे वाचता येत होते आणि ते अर्धे होते. पिशवी कोणाची, हे इंग्रजीत सांगायचे आणि प्रत्येक विधानाला कारण जोडायचे, असा नियम ठरवला. चष्मा आम्ही मुद्दाम मागे ठेवला.

पहिला मुलगा म्हणाला, “द ओनर मस्ट बी अ चाइल्ड.” कारण अर्धे तिकीट. एका मुलीने लगेच हरकत घेतली, की 2023 पासून महिलांनाही एस.टी.त अर्धेच भाडे पडते. वर्गाने ‘मस्ट’ मागे घेऊन ‘माइट’ घेतले. मालक मूल असेल, स्त्री असेल. दोन्ही शक्यता उभ्या राहिल्या, आणि अशा वेळी ‘माइट’ किंवा ‘कुड’ हेच योग्य. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही शिस्त ओळखीची वाटेल. पुरावा जेवढे बोलतो, तेवढेच क्रियापद वापरायचे.

त्यानंतर चष्मा पुढे केला. आता ते मूल नव्हे, हे सर्वांना कळले. पण ते म्हणायचे कसे? अर्ध्या वर्गाने ‘मस्टन्ट बी अ चाइल्ड’ असे म्हटले. इथेच खरी अडचण आहे. ‘मस्टन्ट’ ऐकणाऱ्याला सामान्यतः मनाईचा अर्थ लागतो. अनुमानात ‘मस्ट’चा विरुद्धार्थी शब्द ‘कान्ट’ हा आहे : ‘इट कान्ट बी अ चाइल्ड्स बॅग’. अमेरिकन बोलण्यात ‘मस्ट नॉट’ हे दोन शब्द सुटे उच्चारून नकारार्थी अनुमान केलेले ऐकू येते. तरी आम्ही वर्गात ‘कान्ट’चाच सराव करवतो.

याच्या उलट चूक ‘कॅन’ची. ‘ती बाई असू शकते’ हे मराठी वाक्य मनात ठेवून मुले ‘शी कॅन बी अ वुमन’ असे बोलतात. एका विशिष्ट प्रसंगाच्या अंदाजाला इंग्रजीत होकारार्थी ‘कॅन’ चालत नाही. ‘नागपूर कॅन बी व्हेरी हॉट’ हे चालते, कारण ते सर्वसाधारण विधान आहे. पिशवीबद्दल मात्र ‘द ओनर माइट बी अ वुमन’ असेच म्हणावे लागते. नकारात ‘कान्ट’ चालतो आणि होकारात ‘कॅन’ चालत नाही, ही विषमता स्वतंत्रपणे सांगितल्याशिवाय मुलांच्या लक्षात येत नाही.

श्रवणाच्या तासाला याच ज्ञानाचा उपयोग होतो. ब्रिटिश उच्चारात ‘कान्ट’चा स्वर दीर्घ असल्याने तो ओळखता येतो. अमेरिकन वक्त्याच्या तोंडी तो ‘कॅन्ट’ होतो, शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळला जातो आणि मुले ‘कॅन’ लिहून मोकळी होतात. ‘ट’ शोधत बसू नये, आघात ऐकावा, असे आम्ही सांगतो. ‘कॅन’ बहुधा ‘कन्’ असा निसटता येतो, ‘कॅन्ट’ ठसठशीत येतो. शिवाय अंदाजाच्या वाक्यात होकारार्थी ‘कॅन’ येण्याचा संभव थोडा, म्हणजे व्याकरणही कानाला मदत करते.

भूतकाळात आणखी एक खाच आहे. ‘मस्ट हॅव लेफ्ट’ हे बोलताना ‘मस्टव् लेफ्ट’ होते. श्रुतलेखनात एकाने तिथे ‘मस्ट ऑफ’ लिहिले; इंग्रजी मातृभाषा असणारेही असेच चुकतात, हे सांगितल्यावर तो जरा सावरला. असे वाक्य आम्ही दोनदा ऐकवतो. पहिल्यांदा वक्त्याला खात्री आहे की शंका, एवढेच विचारतो. शब्द दुसऱ्यांदा लिहायचे.

संध्याकाळी एका विद्यार्थ्याची आई पिशवी शोधत आली. चष्मा तिचा होता, पुस्तक धाकट्याचे. गणिताच्या पुस्तकावरून ‘शी मस्ट बी अ टीचर’ असे खात्रीने म्हणणारे दोघे त्या वेळी दाराशीच उभे होते.