लॅश एक्स्टेन्शनचा धंदा: खरा पैसा फुल सेटमध्ये नाही, रिफिलमध्ये ठरतो

लॅश एक्स्टेन्शनचा कोर्स करून घरातल्या एका खोलीत काम सुरू करायचं, असा विचार तुमच्यापैकी अनेकींच्या मनात असतो. बेड, दिवा, ट्वीझर, ट्रे असं सामान आलं की पहिला प्रश्न येतो, "फुल सेटचा रेट किती ठेवू?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न रिफिलच्या रेटचा. का, ते आज गणित मांडूनच बघू. कागद-पेन घेऊन बसा.

आधी वेळ मोजा. कोर्समध्ये सांगतात, क्लासिक फुल सेट दोन तासांचा. पण ते दोन तास फक्त लॅश चिकटवण्याचे, आणि तेही हात बसल्यावर. नवीन असाल तर नुसतं चिकटवायलाच तीन तास सहज जातात. शिवाय बाई आली की बोलणं आणि पापण्या स्वच्छ करणं यात १५ मिनिटं जातात. खालच्या पापण्यांवर जेल पॅड लावून कुठे किती लांबीची लॅश येणार हे ठरवायला १० मिनिटं. शेवटी विंचरून, चिकटलेल्या पापण्या सोडवून तपासायला १०, आणि ती गेल्यावर ट्वीझर निर्जंतुक करून बेड पुन्हा तयार करायला १५. म्हणजे हात बसलेल्या आर्टिस्टलासुद्धा एक फुल सेट २ तास ५० मिनिटांचा पडतो. रिफिलचंही तसंच. भरायला एक तास धरला, तरी साफसफाई, वाढून पुढे सरकलेल्या जुन्या लॅश काढणं, तपासणी आणि आवराआवर धरून पावणेदोन तास होतात. डायरीत हाच वेळ लिहायचा.

आता सामान. लॅशचा ट्रे, जेल पॅड, टेप, प्रायमर, छोटे ब्रश हा खर्च गिऱ्हाईकागणिक होतो. बाई आली तर खर्च, नाही आली तर नाही. ग्लूचं तसं नाही. हा ग्लू सायनोॲक्रिलेट जातीचा. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो, त्यामुळे बाटली एकदा उघडली की तिची घटका सुरू होते. साधारण चार ते आठ आठवड्यांत ती बदलावी लागते, मग आत अर्धा ग्लू शिल्लक का असेना. समजा बाटली १२०० रुपयांची आहे आणि तुम्ही ती पाच आठवड्यांनी बदलता. तेवढ्या काळात दहाच बायका आल्या, तर प्रत्येकीमागे १२० रुपये ग्लूचे झाले. तीस आल्या तर ४०. म्हणून ग्लू थेंबाने नाही, तारखेने मोजा. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावरच लिहून टाका. आणि स्वस्त पडतो म्हणून एकदम तीन बाटल्यांचा सेट घेऊ नका, कारण न उघडलेल्या बाटलीलाही मुदत असते.

चला, आता उदाहरण. रेट तुमच्या गावाप्रमाणे बदला, पद्धत हीच ठेवा. फुल सेट २००० रुपये. त्यात लॅश आणि बाकी सामान १६०, ग्लू ४०. उरले १८००. त्याला २ तास ५० मिनिटांनी भागलं की तासाला साधारण ६३५ रुपये येतात. छान वाटतं ना?

रिफिलसाठी मात्र बऱ्याच जणी म्हणतात, "थोडंच तर भरायचंय, ७०० घेते." सामान १०० आणि ग्लू ४० वजा केले की ५६० उरतात. पावणेदोन तासांनी भागा. तासाला ३२० रुपये! तोच बेड, तीच पाठदुखी, आणि कमाई निम्मी. कारण लॅश कमी लागल्या तरी पॅड, टेप, ब्रश, आवराआवर तेवढंच राहतं. हाच रिफिल १२०० ला केला तर १०६० उरतात, म्हणजे तासाला साधारण ६०५. फुल सेटच्या जवळपास. या उदाहरणात रिफिलचा रेट फुल सेटच्या साठ टक्क्यांवर गेला, तेव्हा कुठे बरोबरी झाली.

"पण रिफिल असतात किती?" तर ऐका. आपली नैसर्गिक पापणी रोज थोडी थोडी गळतेच, आणि तिच्यावर चिकटवलेली लॅश तिच्याबरोबर जाते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी भरावंच लागतं. एक बाई फुल सेट एकदा करते, नंतर दर तीन आठवड्यांनी रिफिललाच येते. तुम्ही आठवड्याला ३० तास काम करता असं धरा. त्यात दोन फुल सेटचे पावणेसहा तास गेले. उरलेल्या वेळात १३ रिफिल बसतात. तीन आठवड्यांच्या चक्रात म्हणजे ३९ नेहमीच्या बायका. चाळिशीच्या आतच तुमची डायरी फुल! मग कमाई वाढणार ती रेटमधूनच. ७०० आणि १२०० मधला ५०० चा फरक तेरा रिफिलमागे आठवड्याला ६५०० रुपये होतो. वर्षाचा गुणाकार तुम्हीच करा.

त्यासाठी रिफिल कशाला म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तीन आठवड्यांच्या आत आणि निदान चाळीस टक्के लॅश शिल्लक असतील तरच रिफिल. पाच आठवड्यांनी दहा-बारा लॅश घेऊन आलेल्या बाईचं काम फुल सेटचंच असतं, रेटही तोच. आणि पुढची तारीख ती बेडवरून उठायच्या आतच लिहून घ्या.

आता तक्रार. चौथ्या दिवशी मेसेज येतो, "ताई, सगळ्या गळल्या!" लगेच फुकट भरून देऊ नका आणि वादही घालू नका. गळलेल्या लॅशचा जवळून फोटो मागवा. लॅशला नैसर्गिक पापणीचा केस चिकटलेला असेल, तर ती नेहमीची गळती. केस नसेल आणि नुसतीच लॅश निघाली असेल, तर चिकटणं फसलंय. मग कारण शोधा. पापणीवर तेल किंवा मेकअप राहिला होता का? बाटली जुनी झाली होती का? पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हवेतला ओलावा एवढा वाढतो की ग्लू पापणीला टेकायच्या आतच घट्ट होऊ लागतो. खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा आणि तुमच्या ग्लूच्या पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेशी ते ताडून बघा. अशा वेळी एसी लावा आणि ग्लूचा थेंब लवकर लवकर बदला. चूक आपली असेल तर भरून द्या, पण तो पावणेदोन तासांचा खर्च वहीत लिहा.

एक गोष्ट मात्र पैशांच्या हिशोबात बसवू नका. नव्या बाईची पॅच टेस्ट एक-दोन दिवस आधी करायचीच. पापण्या सुजल्या, खाज आली, तर काम नाही, कितीही आग्रह झाला तरी. पुन्हा लावल्यावर ही ॲलर्जी सहसा वाढतच जाते.

या आठवड्यात एवढंच करा. पुढच्या पाच अपॉइंटमेंट घड्याळ लावून मोजा, बाई दारात आल्यापासून बेड पुन्हा तयार होईपर्यंत. फुल सेट आणि रिफिलचा तासाचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत मोठा फरक दिसला, तर रिफिलचं नवीन रेटकार्ड पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लावा, आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते एक फेरी आधी सांगा.