माधवरमच्या दुधाचा प्रवास : हौदापासून नळीपर्यंत

चेन्नईच्या उत्तरेकडील माधवरमची दुग्धशाळा 1963 मध्ये, कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने दिलेल्या मदतीतून सुरू झाली. हेतू एकच होता: खेड्यातले दूध एकत्र करून, तापवून, थंड करून शहराला द्यायचे. 1970 मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले तेव्हा मद्रास त्या योजनेच्या चार महानगरांत होते. 1981 मध्ये राज्याचा सहकारी दूध संघ नोंदला गेला. ‘आविन’ हे त्याचेच व्यापारी नाव.

पाश्चरीकरणाची जुनी रीत हौदाची होती. दूध 63 अंश सेल्सिअसला अर्धा तास धरून ठेवायचे. आधी नजर क्षयाच्या जंतूवर होती. पुढे क्यू ज्वराचा जंतू त्याहून चिवट निघाला, म्हणून 1950 च्या दशकात अमेरिकेत तापमानाची मर्यादा एका अंशाहून थोडी अधिक वाढवावी लागली. मोठ्या शहराला हौद अपुरा पडतो. तो भरण्यात, तापवण्यात आणि रिकामा करण्यात वेळ जातो. त्याची जागा 72 अंशाला 15 सेकंद तापवणाऱ्या, अखंड वाहत्या पद्धतीने घेतली. दोन्ही रीतींत रोगजंतू मरतात, पण काही उष्णतासह जीवाणू आणि बीजाणू उरतात. म्हणूनच पाश्चरीकृत दूध पुढे गारच ठेवावे लागते.

गावच्या संस्थेत जमा झालेले दूध शीतकरण केंद्रात 4 अंशांच्या आसपास आणले जाते. दुग्धशाळेच्या फलाटावर आधी वास घेतात, मग थोडे दूध परीक्षानळीत उकळून पाहतात. ते फाटले तर आंबटपणा वाढला आहे, ते पुढे घ्यायचे नाही. असे दूध पाश्चरायझरच्या प्लेटांवर चिकटून सगळा संच बिघडवते. चांगले दूध मग गाळून, निवळून प्रमाणित केले जाते.

तमिळनाडूत संकरित गाईंचे दूध जास्त असल्याने प्रमाणीकरणात खरी उणीव स्निग्धेतर घनपदार्थांची, म्हणजे एसएनएफची, भासते. समजा, 1000 किलो दुधात 4 टक्के स्निग्धांश आणि 8.2 टक्के एसएनएफ आहे आणि 3 व 8.5 टक्क्यांचे टोन्ड दूध हवे आहे. 40 टक्क्यांची सुमारे 27 किलो साय काढली की उरलेल्या 973 किलोंत स्निग्धांश 3 टक्क्यांवर येतो, पण एसएनएफ 8.28 टक्क्यांच्या आसपासच राहतो. तो भरून काढायला सुमारे अडीच किलो स्निग्धरहित दूधभुकटी लागते. भुकटीने स्निग्धांश किंचित उतरतो, म्हणून साय थोडी कमीच काढणे शहाणपणाचे.

प्लेट पाश्चरायझरमध्ये थंड दुधाला आधी तापलेल्या दुधाचीच उष्णता मिळते. 90 टक्के उष्णता अशी परत मिळाली तर 4 अंशांचे दूध 65 अंशांपर्यंत फुकट चढते. गरम पाण्याला फक्त उरलेले सात अंश द्यावे लागतात. इथे एक धोका असतो. प्लेटला चीर पडली तर कच्चे दूध शुद्ध दुधात झिरपू शकते, म्हणून पाश्चरीकृत बाजूचा दाब कायम जास्त ठेवतात.

72 अंशांचे दूध मग धारणनळीतून जाते. तासाला 20,000 लिटरचा प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच लिटर. 15 सेकंदांसाठी नळीत किमान 83 लिटर दूध मावले पाहिजे. आकडा साधा दिसतो, पण चूक इथेच लपते. पंप तासाला 22,000 लिटर ढकलू लागला तर दूध नळीत साडेतेरा सेकंदच राहते, आणि तापमानाचा आलेख मात्र निर्दोष दिसतो. शिवाय मधल्या भागातले दूध कडेच्या दुधापेक्षा वेगाने धावते, म्हणून नळीत वाढीव जागा ठेवतात आणि सर्वांत जलद थेंबाला किती वेळ मिळतो, ते मिठाचे द्रावण सोडून तपासतात. नळीच्या टोकाला तापमान घसरले तर मात्र प्रवाह वळवणारी झडप दूध आपोआप मागे, सुरुवातीच्या टाकीत पाठवते.

निर्णायक साक्ष फॉस्फटेज या विकराची. कच्च्या दुधात तो असतो आणि क्षयजंतूपेक्षा किंचित जास्त तापमानाला नष्ट होतो. अभिकारक मिसळून 37 अंशांना ठेवलेले दूध पिवळे झाले, तर तापवणे अपुरे राहिले किंवा कच्चे दूध मिसळले. हजारात दोन भाग कच्चे दूधही ही चाचणी पकडते. पिशवी भरण्याच्या यंत्रात नंतर शिरलेली घाण मात्र तिला दिसत नाही. त्यासाठी कोलिफॉर्म जंतूंची चाचणी लागते, कारण ते पाश्चरीकरणात टिकत नाहीत. सापडले तर ते पुढच्या टप्प्यात आले, हे नक्की.

मलईचा थर येऊ नये म्हणून समांगीकरण केलेले दूध कच्चे ठेवून चालत नाही. स्निग्धकणांचे पटल फुटलेले असते आणि लायपेज विकर त्यावर तुटून पडतो. काही तासांत खवटपणा येतो. त्यामुळे समांगीकरण पाश्चरायझरच्या मार्गातच बसवतात. तिथून दूध पुन्हा 4 अंशांवर, पिशवीत आणि शीतगृहात जाते. चेन्नईच्या मे महिन्यात ही शेवटची साखळी तुटली, तर उरलेले उष्णतासह जीवाणू झपाट्याने वाढतात.