कुत्र्याचं खाणं: बॅगेवरची किंमत जे सांगत नाही

पेट शॉपच्या काउंटरवर, सोसायटीच्या बागेत, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास कानावर येतं: "आम्ही त्या दुसऱ्या कंपनीचं घेतो, दहा किलोमागे सहाशे रुपये वाचतात." सांगणारा माणूस चौकस असतो. त्याने चार दुकानांत भाव विचारलेला असतो, ऑनलाइन सवलतही पाहिलेली असते. एवढी मेहनत करून तो ज्या दोन आकड्यांची तुलना करतो, त्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुकानदार तर सांगत नाहीच.

कुत्र्याला दिवसाला ठरावीक ग्रॅम लागत नाहीत, ठरावीक ऊर्जा लागते. एका खाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे किलोकॅलरी असतील आणि दुसऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये पावणेचारशे, तर पहिलं खाणं त्याच कुत्र्याला जास्त घालावं लागणार आणि त्याची बॅग लवकर संपणार. म्हणून विचारायचा प्रश्न एकच आहे: माझ्या कुत्र्याला हे खाणं दिवसाला कितीला पडतं?

वीस किलो वजनाचा, नसबंदी झालेला, सकाळ-संध्याकाळ फेरी मारणारा एक गावठी कुत्रा घेऊ. ऊर्जेची गरज काढायची पशुवैद्यकातली रूढ पद्धत अशी: वजनाचा पाऊण घात काढायचा, त्याला 70 ने गुणायचं. ही झाली नुसती विश्रांतीतली गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला पुन्हा 1.6 ने गुणतात. पाऊण घात ऐकून घाबरायचं कारण नाही, मोबाइलमधल्या साध्या कॅल्क्युलेटरवर तो निघतो. वजनाला वजनानेच दोनदा गुणायचं, म्हणजे 20 × 20 × 20, आणि जे येईल त्याचं वर्गमूळ दोनदा काढायचं. उत्तर येतं साधारण साडेनऊ. 70 ने गुणलं की 660 च्या आसपास, 1.6 ने गुणलं की 1,050 च्या आसपास. कुत्रा दिवसभर घरात लोळत असेल तर याहून कमी लागेल. हिशेबाला सोपं म्हणून 1,000 किलोकॅलरी धरू.

आता दोन बॅगा, दोन्ही दहा किलोच्या. किमती आणि टक्केवारी मी हिशेबापुरती घेतली आहे. पहिली 2,400 रुपयांची. मागच्या बाजूला लिहिलंय: प्रथिनं 20 टक्के, चरबी 8, तंतू 5, ओलावा 12. दुसरी 3,000 रुपयांची: प्रथिनं 26, चरबी 18, तंतू 3, ओलावा 9. आपल्याकडच्या बऱ्याच बॅगांवर कॅलरी छापलेल्या नसतात, पण हे चार आकडे असतात आणि त्यांवरून कामापुरता अंदाज बांधता येतो. चारांची बेरीज करायची, राख म्हणजे खनिजांचा भाग छापलेला नसेल तर त्यात 8 मिळवायचे, आणि ती बेरीज शंभरातून वजा करायची. उरतं ते पिष्ट. पहिल्या बॅगेत ते 47 येतं, दुसरीत 36. मग प्रथिनाच्या आणि पिष्टाच्या दर ग्रॅमला साडेतीन किलोकॅलरी, चरबीच्या दर ग्रॅमला साडेआठ. माणसांच्या अन्नासाठी 4, 4 आणि 9 धरतात. प्राण्यांच्या तयार खाण्याचं पचन थोडं कमी होतं असं मानून आकडे खाली आणलेले आहेत. या पद्धतीला सुधारित ॲटवॉटर पद्धत म्हणतात.

पहिल्या बॅगेत शंभर ग्रॅमला 302 किलोकॅलरी निघतात, दुसरीत 370. म्हणजे आपल्या कुत्र्याला पहिलं खाणं रोज 330 ग्रॅम लागेल, दुसरं 270 ग्रॅम. पहिल्याचा ग्रॅम 24 पैशांना, म्हणून दिवसाचे 79 रुपये. दुसऱ्याचा ग्रॅम 30 पैशांना, दिवसाचे 81. पहिली बॅग तीस दिवसांत संपते, दुसरी सदतीस दिवस पुरते. बॅगेमागे दिसणारे सहाशे रुपये दिवसाकाठी दोन रुपयांवर येतात! दुसरी बॅग सवलतीत 2,800 ला मिळाली तर तिचा दिवस 76 रुपयांना पडतो, म्हणजे जी बॅग दुकानात महाग म्हणून बाजूला ठेवली तीच घरात स्वस्त.

इथे एक फसगत होते, तीही हिशेबी माणसांचीच. "रोजचा खर्च आम्ही काढला की, बॅगेवरच्या तक्त्यावरून," असं ते सांगतात. बॅगेवरचा तक्ता हा त्या कंपनीचा अंदाज असतो, आणि प्रत्येक कंपनी वेगळा कुत्रा डोळ्यांसमोर ठेवते. समजा पहिल्या बॅगेवर वीस किलोच्या कुत्र्याला 260 ग्रॅम छापलेत आणि दुसरीवर 290. तक्त्यावरून हिशेब केला तर पहिलीचा दिवस 62 रुपयांना दिसेल, दुसरीचा 87 ला. पण पहिलीच्या 260 ग्रॅममध्ये जेमतेम 790 किलोकॅलरी आहेत आणि दुसरीच्या 290 मध्ये 1,070. एका कुत्र्याला अर्धपोटी ठेवून आणि दुसऱ्याला थोडं जास्तच वाढून केलेली ही तुलना आहे. तक्त्यात कमी ग्रॅम छापले की खाणं आपोआप स्वस्त दिसतं. म्हणून आधी दोन्हीकडे कॅलरी सारख्या करायच्या, मगच रुपये लावायचे.

याच्या उलट बाजूचा गैरसमज दुकानदारांनी पसरवलेला आहे, आणि त्याची मला जास्त चीड येते: "महागडं खाणं कमी लागतं, त्यामुळे शेवटी तेच स्वस्त पडतं." काही प्रमाणात हे खरं आहे, आणि ते प्रमाण मोजता येतं. कोरड्या खाण्यात किलोमागे ऊर्जा साधारण 3,000 ते साडेचार हजार किलोकॅलरीच्या दरम्यान असते. म्हणजे अगदी टोकाच्या दोन बॅगांतही दीडपटीच्या वर फरक पडत नाही. दहा किलोला 7,000 रुपये घेणाऱ्या बॅगेत किलोमागे 4,000 किलोकॅलरी असल्या, तरी आपल्या कुत्र्याला 250 ग्रॅम लागतील आणि दिवस 175 रुपयांना पडेल. ती घ्यायला दुसरी कारणं असू शकतात: चांगलं पचन, ॲलर्जी, डॉक्टरांनी सांगितलेला आहार. पण ती स्वस्त पडते असं कुणी सांगितलं तर त्याला तिथेच कॅल्क्युलेटर दाखवा.

आता या पद्धतीच्या मर्यादा. छापलेली प्रथिनं आणि चरबी "किमान" असतात, प्रत्यक्षात थोडी जास्त असू शकतात. खाणं किती पचतं, हे टक्केवारीवरून कळत नाही. आणि सारख्या वजनाच्या दोन कुत्र्यांच्या गरजेतही बराच फरक असतो. त्यामुळे आलेला आकडा ही सुरुवात. तेवढे ग्रॅम वजनकाट्यावर मोजून घालायचे आणि दर पंधरा दिवसांनी कुत्र्याचं वजन करायचं. वजनकाट्यावर उभा राहत नसेल तर त्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहा आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करा. फासळ्यांवरून हात फिरवला की त्या सहज लागायला हव्यात, वरून पाहिलं की कंबर दिसायला हवी. वजन वाढत असेल तर खाणं दहा टक्के कमी करा, घटत असेल तर तेवढंच वाढवा. ज्या ग्रॅमवर वजन स्थिर राहील, त्या ग्रॅमची किंमत हीच त्या खाण्याची खरी रोजची किंमत. बॅग फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका आणि संपली की किंमत दिवसांनी भागा. वजन स्थिर असेल तर याहून भरवशाचा आकडा नाही.

हे ग्रॅम वाटीने किंवा कपाने मोजू नका. चुरमुऱ्यांची वाटी आणि शेंगदाण्यांची वाटी वजनाला वेगळी, तशीच दोन कंपन्यांच्या दाण्यांचीही असू शकते. खाणं तेच असलं तरी हात चुकतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये 'व्हेटरनरी रेकॉर्ड'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रा पाळणाऱ्या शंभर लोकांना मापाने कोरडं खाणं मोजायला दिलं होतं. कुणी अपेक्षेच्या जवळपास निम्मंच घेतलं, कुणी अडीचपट. एवढी चूक होत असेल तर वरचा सगळा हिशेब वाया गेला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा.

मांजरांबाबत हाच घोळ पाउचमध्ये होतो. "पंचेचाळीस रुपयांचं तर पाकीट आहे" म्हणून रोज पाउच फोडणाऱ्यांनी मागची बाजू वाचावी. 85 ग्रॅमच्या पाउचमध्ये ओलावा 80 टक्क्यांच्या पुढे असतो आणि ऊर्जा कित्येकदा 60 किलोकॅलरीच्या आसपास. चार किलोच्या नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण 240 लागतात. म्हणजे चार पाउच, 180 रुपये. किलोला 375 रुपयांचं आणि 3,700 किलोकॅलरीचं कोरडं खाणं त्याला 65 ग्रॅम पुरेल, 24 रुपयांत. ओल्या खाण्यातून पोटात पाणी जातं, आणि लघवीचा त्रास असलेल्या मांजरासाठी डॉक्टर ते मुद्दाम सांगतात. तिथे पैशांचा विचार नंतर.

बाकीचे समज थोडक्यात. मोठी बॅग नेहमी परवडते: बॅग फोडल्यावर दाण्यावरची चरबी हळूहळू खवट होते, पावसाळ्यात दमटपणाची भर पडते, आणि वरच्या मांजराला दहा किलोची बॅग पाच महिने पुरेल, तेव्हा महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्या. ग्रॅम कमी केले तर तो उपाशी राहतो: कॅलरी तेवढ्याच असतील तर राहत नाही. घरचा चिकन-भात सगळ्यांत स्वस्त: नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम पुरेसं नसतं, आणि पूरक घटकांचा खर्च या हिशेबात कुणीच धरत नाही. बिस्किटांचा हिशेब काय करायचा: करायचा, कारण त्याही कॅलरी आहेत आणि त्याही पैशांनी येतात.

एवढी बेरीज-वजाबाकी ग्राहकाला करावी लागते ती एका आकड्याअभावी. अमेरिकेत आफ्को या संस्थेच्या नमुना नियमांनुसार किलोमागे आणि कपामागे किती किलोकॅलरी, हे पाळीव प्राण्यांच्या खाण्यावर छापावं लागतं. आपल्याकडे बॅगेवर ग्राहकसेवेचा नंबर असतो. पुढची बॅग घेण्याआधी त्या नंबरवर फोन करून किलोमागे ऊर्जा किती, एवढंच विचारा, आणि ज्या कंपनीला ते सांगता येत नाही तिची बॅग घेऊ नका.