शेवटच्या क्लिकचं श्रेय

समजा, येवल्याचा एक पैठणीवाला ऑनलाइन विक्री करतो. महिन्याला 200 ऑर्डरी येतात. इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर तो 60 हजार रुपये घालतो, आणि गुगलवर दुकानाचं नाव शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिरातीवर 18 हजार. शेवटचा क्लिक कुठून आला एवढंच पाहिलं, तर इन्स्टाग्रामच्या नावावर 20 ऑर्डरी लागतात आणि गुगलच्या 90. म्हणजे एक ऑर्डर इकडे 3,000 रुपयांना पडली, तिकडे 200 ला. हिशेब पाहणारा म्हणणारच, इन्स्टाग्राम बंद करा.

पण गुगलवर दुकानाचं नाव टाइप कोण करतं? ज्याला ते आधीच ठाऊक आहे, तो. हे नाव त्याच्या कानावर कुठून आलं असावं, याचा अंदाज असिस्ट रेशोच्या अहवालातून येतो. शेवटचा क्लिक सोडून ग्राहकाच्या वाटेत एखादं माध्यम कुठेही आलं, तर तो त्याचा असिस्ट. असिस्टना शेवटच्या क्लिकच्या ऑर्डरींनी भागायचं. इन्स्टाग्राम 90 ऑर्डरींच्या वाटेत होतं, म्हणून 90 भागिले 20, म्हणजे 4.5. गुगलच्या त्या जाहिरातीचे असिस्ट 27, म्हणून 0.3. आकडा एकच्या वर असेल तर माध्यम मुख्यतः वाट दाखवतं. शून्याकडे झुकला तर सौदा पुरा करतं.

इथे एक फसगत होते. असिस्ट म्हणजे सुरुवात नव्हे. साइटवर येऊन गेलेल्यांच्या मागे लागणाऱ्या जाहिरातींचाही रेशो मोठा दिसतो, पण त्या नवं गिऱ्हाईक आणत नाहीत. म्हणून पहिला क्लिक कुणाचा, हे वेगळं मोजावं. लग्नाची पैठणी दोन-दोन महिने ठरत असते. अहवाल मागचे 30 दिवसच पाहत असेल तर सुरुवात करणारं माध्यम त्यातून गळून पडतं. मुदत 90 दिवसांची करून पाहावी. फोनवर जाहिरात पाहून लॅपटॉपवर खरेदी केली, तर बरेचदा अहवालाला ती दोन माणसं वाटतात.

मग पैसा कुठे कापायचा? मी आधी त्या स्वस्त दिसणाऱ्या 18 हजारांकडे बोट दाखवेन. ईबेने 2012 मध्ये अमेरिकेत काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या, तेव्हा गेलेले जवळजवळ सगळे क्लिक खालच्या फुकटच्या निकालांतून परत आले. अर्थात ईबेचं नाव घराघरात होतं. पैठणीवाल्याच्या नावावर शेजारचा दुकानदार जाहिरात लावत असेल, तर चित्र बदलतं.

इन्स्टाग्रामचं म्हणाल, तर 4.5 हा आकडाही पुरावा नव्हे. ती माणसं जाहिरातीशिवायही आली असती का, हे रेशो सांगत नाही. विदर्भात सहा आठवडे जाहिराती बंद ठेवाव्यात, मराठवाड्यात चालू, आणि दोन्हीकडे दुकानाच्या नावाचे शोध आणि ऑर्डरी आधीच्या तुलनेत किती घसरल्या ते पाहावं. लग्नसराईत मात्र हा प्रयोग करू नये.